प्रश्न विचारला, उत्तर आलं नाही: दुसरं पत्र कसं लिहावं

नमस्कार ताई,

मी मिरजेची. सासऱ्यांचं तंबोऱ्याचं दुकान आहे, त्यांचा ई-मेल आणि व्हॉट्सॲप मी बघते. सोळा दिवसांपूर्वी एका गृहस्थांचा मेल आला: "घरी रियाजासाठी चांगला तंबोरा हवा आहे. गुरुपौर्णिमेच्या आधी मिळेल का? किंमत कळवा." मी त्याच दिवशी उत्तर दिलं. किंमत लिहिली आणि विचारलं की पट्टी कोणती, मर्दानी हवा की जनानी, भोपळ्याचा घेर केवढा, नक्षी कशी, पॉलिश कोणतं, पेटी हवी की पिशवी, आणि पत्ता. त्यावर आजपर्यंत काहीच नाही. सासरे म्हणतात, "गरज असेल तर विचारेल, मागे लागू नको." पण भोपळा निवडल्याशिवाय काम सुरू होत नाही, आणि आमच्याकडे एका तंबोऱ्याला दीड महिना लागतो. गुरुपौर्णिमेला नऊ आठवडे उरलेत. पुन्हा लिहिलं तर आपण ऑर्डरसाठी हपापलेलो आहोत असं वाटेल का? आणि लिहायचं तर काय लिहू? "माझ्या मेलचं उत्तर आलं नाही" असं लिहायला हात धजत नाही.

एक सून, मिरज

*

पुन्हा लिहा, आणि याच आठवड्यात लिहा. मात्र तुमचा हात जिथे अडला तिथे तो बरोबर अडला आहे. "उत्तर आलं नाही" हे वाक्य त्या पत्रात कुठेही येऊ देऊ नका.

लिहायला बसण्याआधी अर्धा तास एक काम करा. उत्तर खरंच आलेलं नाही ना, याची खात्री करा. मेलमधलं स्पॅम बघा. दुकानाचा जो जुना नंबर पाटीवर किंवा पावतीवर छापलेला आहे, तो फोन ज्यांच्याकडे असतो त्यांना विचारा. सासऱ्यांच्या मोबाइलवरचे अनोळखी मिस्ड कॉल बघा. मी सांगलीत एका छापखान्याच्या ऑफिसात बावीस वर्षं काढली. तिथे एका लग्नपत्रिकेच्या गिऱ्हाइकाला मी मुहूर्ताच्या वेळेबद्दल दोनदा विचारलं, दुसऱ्यांदा जरा तिखट शब्दांत. त्यांनी चार दिवसांपूर्वीच मुलाच्या हातून चिठ्ठी पाठवली होती आणि ती मशीनवरच्या माणसाच्या खिशात राहिली होती. त्या काकांचा पडलेला चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. तेव्हापासून दुसरं पत्र लिहिण्याआधी मी आमची बाजू आधी झाडून बघते.

उत्तर कुठेच सापडलं नाही, असं धरून पुढे जाते.

आता तुमचाच पहिला मेल उघडा आणि त्या गृहस्थांच्या जागी बसून वाचा. सात प्रश्न आहेत. त्यातले पाच कुणीही बसल्या जागी सांगू शकेल. पण पहिलाच प्रश्न पट्टीचा आहे, म्हणजे गाणारा कोणत्या सुराला सा धरतो याचा, आणि तिथे माणूस थांबतो. त्यांच्या मेलमध्ये "घरी रियाजासाठी" एवढंच आहे. गाणार कोण हे त्यांनी लिहिलेलंच नाही. स्वतः गात असतील, बायको गात असेल, मुलगी नुकती क्लासला जायला लागली असेल. मुलीसाठी घेत असतील तर तिची पट्टी त्यांना माहीत असण्याचं कारण नाही. ते मुलीला विचारणार, मुलगी बाईंना विचारणार, बाईंचा क्लास आठवड्यातून दोनदा. तेवढ्यात तुमचा मेल दहा मेलच्या खाली जातो. नको म्हणून तो माणूस गप्प बसलेला नाही. ज्याचं उत्तर स्वतःजवळ नाही असा प्रश्न त्याने बाजूला ठेवला आणि तो तिथेच राहिला.

भोपळ्याच्या घेराचंही तसंच. घेर किती इंच हे गिऱ्हाइकाने का सांगावं? पट्टी ठरली की घेर तुमचे सासरे ठरवतात. हा प्रश्न तुम्ही काळजीपोटी विचारलात, पण वाचणाऱ्याला वाटलं असेल की हे ठरवायला लागणारी माहिती आपल्याकडे नाही, आधी कुणाला तरी विचारू आणि मग लिहू.

तुमच्या दुकानात गिऱ्हाईक स्वतः येतं तेव्हा काय होतं ते आठवा. सासरे त्याला पट्टी विचारतात का? मी मिरजेत जेवढं पाहिलं आहे त्यावरून सांगते, कारागीर विचारत नाहीत. ते बसायला सांगतात, चहा मागवतात आणि म्हणतात, "जरा सा लावा." माणूस सा लावतो, वर जातो, खाली येतो, आणि कारागिराला उत्तर मिळतं. गिऱ्हाइकाला हार्मोनियमची काळी-पांढरी काही ठाऊक नसलं तरी अडत नाही. मेलवर हे ऐकणं निघून गेलं आणि त्याच्या जागी शब्दांतला प्रश्न आला. सासरे "मागे लागू नको" म्हणतात ते दुकानातल्या गिऱ्हाइकाच्या हिशेबाने बरोबर आहे, कारण समोर बसलेल्या माणसाचं काहीच अनुत्तरित राहत नाही. हा माणूस समोर नाही. म्हणून तुमच्या दुसऱ्या पत्राने तोच प्रश्न मोठ्याने विचारायचा नाही. दुकानातलं ते "जरा सा लावा" मेलमध्ये आणायचं.

सातपैकी कोणत्या प्रश्नावर काम अडलं आहे ते आधी वेगळं काढा. तंबोऱ्यात ते स्पष्ट आहे. मर्दानी तंबोरा मोठा, भोपळा मोठा, दांडी लांब. तो साधारण पांढरी एक ते पांढरी दोनच्या आसपास बोलतो. जनानी लहान, तो काळी तीन, काळी चार, काळी पाच या भागात. तयार वाद्यावर जाड किंवा बारीक तारा लावून एखाद-दुसरा स्वर इकडेतिकडे सरकवता येतो. पण काळी एकसाठी केलेला तंबोरा काळी चारला चढवायला गेलात तर तारा ताण सहन करणार नाहीत, आणि उलट केलंत तर तारा ढिल्या पडून जवारी, म्हणजे तारांचा तो गुंजणारा नाद, बोलणारच नाही. भोपळा एकदा निवडून कापला की माप बदलत नाही, आणि दांडी त्याच मापाने होते. म्हणून हा एक प्रश्न असा आहे, ज्याचं उत्तर तुम्ही गृहीत धरू शकत नाही. कितीही घाई असली तरी.

बाकीचे सगळे गृहीत धरता येतात. नक्षी तुमची नेहमीची, पॉलिश नेहमीचं, पाठवायचा म्हणून पेटी. पत्ता तर पाठवायच्या दिवशी लागतो, आज मागायची गरजच नाही. हे सगळं पत्रात "असं धरते" म्हणून एका ओळीत लिहा. वेगळं हवं असेल तर ते सांगतील, आणि त्यासाठी काम थांबणार नाही.

हा फरक नीट केला नाही की दुसरं पत्र दोन्हीकडून बिघडतं. काही जण सगळेच प्रश्न पुन्हा पाठवतात, आणि पहिल्यांदा ज्या दगडाला ठेच लागली तोच दगड पुन्हा वाटेत येतो. काही जण कंटाळून सगळंच गृहीत धरतात: "उत्तर आलं नाही म्हणून मर्दानी धरून काम सुरू केलं." मग दीड महिन्याने कळतं की गाणारी सोळा वर्षांची मुलगी आहे. तो तंबोरा त्यांच्या कामाचा राहत नाही आणि तुमचा भोपळाही जातो.

आता तारखेचं. गुरुपौर्णिमेपासून उलटं मोजा. नऊ आठवडे आहेत. सहा आठवडे काम. एक आठवडा तारा बसायला आणि जवारी पुन्हा एकदा हाताखालून घालायला, कारण नव्या वाद्याच्या तारा सुरुवातीला उतरत राहतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. एक आठवडा वाहतुकीला. उरला एक आठवडा. म्हणजे येत्या शनिवारपर्यंत भोपळा हातात घ्यायला हवा. ही तारीख तुम्ही ठरवलेली नाही, ती कामातून आली आहे. म्हणूनच ती पत्रात लिहायला संकोच नको. गिऱ्हाइकाला कारणासकट तारीख दिली की ती धमकी वाटत नाही. कारणाशिवाय "शनिवारपर्यंत कळवा" एवढंच लिहिलं तर मात्र नक्की तशी वाटते.

आणि तारीख खरी असू द्या. शनिवारनंतरही तुम्ही काम घेणारच असाल तर तसं लिहा: काम घेऊ, पण गुरुपौर्णिमा साधणार नाही. काही दुकानदार खोटी घाई लावतात, "दोनच नग उरलेत" वगैरे. तंबोरा घेणारा माणूस पुढची वीस वर्षं जवारीसाठी तुमच्याकडेच येणार असतो. त्याला पहिल्याच व्यवहारात खोटी तारीख देऊ नका.

किती दिवसांनी लिहावं, हेही तुमच्या मनात असेल. माझ्या हिशेबाने पहिल्या प्रश्नानंतर सहा-सात दिवसांनी लिहिणं योग्य झालं असतं, कारण तेवढ्यात माणूस क्लासच्या बाईंना एकदा भेटून आलेला असतो. सोळा दिवस झालेत म्हणून काही बिघडलेलं नाही. फक्त पत्रात दिवस मोजू नका. "सोळा दिवस झाले" हे वाचणाऱ्याला हिशेब मागितल्यासारखं लागतं, आणि "उशिरा आठवण करतेय, माफ करा" हेही नको. चूक कुणाचीच झालेली नाही, तर माफी कशाची?

पत्र त्याच मेलला रिप्लाय म्हणून पाठवा, नवा मेल सुरू करू नका आणि विषयाची ओळ बदलू नका. जीमेलमध्ये विषय बदलला की संभाषण तुटतं आणि तुमचं पत्र वेगळं पडतं. मग त्यांना आपण काय विचारलं होतं, किंमत किती होती, हे शोधावं लागतं. तिथेच माणूस पुन्हा थांबतो. जुना मेल खाली राहू दे, पण ते खाली जाऊन वाचतील या भरवशावर राहू नका. फोनवर मेल उघडायच्या आधी पहिली एक-दोन वाक्यं दिसतात. तुमचा अडलेला प्रश्न तिथेच हवा. "आपण कुशल असाल अशी आशा करते" या ओळीने ती जागा भरू नका.

मी लिहिलं असतं ते असं. शब्द तुमच्या घरच्या बोलण्याप्रमाणे बदला:

> नमस्कार,
>
> तंबोऱ्यावर गाणार कोण आहे: पुरुष, बाई की लहान मूल? आज एवढं कळलं तरी आम्ही पुढे जाऊ शकतो.
>
> गाण्याची पट्टी माहीत असेल (काळी एक, काळी चार वगैरे) तर तीही लिहा. माहीत नसेल तर काही अडत नाही. जे गाणार आहेत त्यांना सहज लागेल तसा सा लावून, नेहमीच्या एखाद्या भजनाच्या दोन ओळी मोबाइलवर म्हणायला सांगा आणि ते या नंबरवर व्हॉट्सॲप करा. आमचे सासरे ऐकून पट्टी ठरवतील. गुरुजींना किंवा बाईंना विचारायचं असेल तर हे पत्र त्यांना असंच पुढे पाठवलंत तरी चालेल.
>
> भोपळा एकदा निवडला की तंबोऱ्याचं माप बदलता येत नाही, म्हणून हे आधी विचारते. गुरुपौर्णिमेआधी पोचवायचा तर येत्या शनिवारपर्यंत भोपळा निवडावा लागेल. त्यानंतर कळवलंत तरी काम नक्की घेऊ, फक्त गुरुपौर्णिमा साधणार नाही.
>
> नक्षी आणि पॉलिश आमचं नेहमीचं धरते, पाठवायला पेटी धरते. पत्ता नंतर घेऊ.
>
> सध्या घ्यायचा नसेल तर "आत्ता नको" एवढं लिहिलंत तरी पुरे.

यातल्या दोन ओळींबद्दल थोडं सांगते, कारण लोक नेमक्या त्याच गाळतात.

पहिली म्हणजे "हे पत्र पुढे पाठवलंत तरी चालेल". उत्तर तिसऱ्या माणसाजवळ असतं तेव्हा आपल्या गिऱ्हाइकाला निरोप्याचं काम करावं लागतं. तंबोऱ्यातलं काही कळत नसताना "ते घेर-पट्टी काहीतरी विचारतायत" असं बाईंना जाऊन सांगणं त्यांना अवघड वाटतं. पत्र असं लिहा की बाईंनी वाचलं तर त्यांना थेट कळेल. मग निरोप्याला बोलावंच लागत नाही, फक्त पुढे पाठवावं लागतं.

दुसरी म्हणजे "आत्ता नको". तुम्ही पहिल्या मेलमध्ये किंमतही लिहिली होती. गप्प बसण्याचं कारण पट्टी नसून किंमतही असू शकते. आपल्याकडे माणूस समोरच्या कारागिराला "परवडत नाही" असं सहसा म्हणत नाही, त्यापेक्षा गप्प राहतो. त्याला मान राखून बाहेर पडायची वाट दिली की तो बहुतेक वेळा त्याच वाटेने खरं कारण सांगतो: "सध्या नको, दिवाळीनंतर बघू." किंवा विचारतो, "लहान तंबोरा, थोडा स्वस्त, आहे का?" तुमचं काम दोन्हीने पुढे सरकतं. ही ओळ लिहिल्याने ऑर्डर जाईल अशी भीती वाटत असेल, तर ती ऑर्डर आत्ताही तुमच्याकडे नाही हे लक्षात घ्या.

हपापलेलं काय वाटतं, हे विचारलंत म्हणून सांगते. आज मेल, संध्याकाळी व्हॉट्सॲप, उद्या फोन, असं एकाच प्रश्नासाठी तीन दारं ठोठावली की तसं वाटतं. सवलत आपणहून पुढे केली की तसं वाटतं: "पाचशे कमी करू." त्यांनी किंमतीबद्दल अक्षर काढलेलं नाही. तुम्ही कमी केलीत तर पहिली किंमत फुगवलेली होती असा अर्थ होतो. कामाच्या कारणाने एकच प्रश्न सोपा करून पुन्हा विचारणं यात काही हपापलेपण नाही. डॉक्टर रक्ताचा रिपोर्ट पुन्हा मागतात तेव्हा ते रुग्णाच्या मागे लागलेले नसतात. रिपोर्टशिवाय औषध लिहिता येत नाही, म्हणून मागतात.

मेल पाठवल्यावर दोन-तीन दिवस थांबा. त्यांच्या मेलच्या खाली त्यांनी स्वतः नंबर दिला असेल तर गुरुवारी संध्याकाळी एकदा फोन करा, ऑफिस सुटल्यानंतर आणि जेवणाच्या आधी. फोनवर मेलची चर्चा करू नका. "मिरजेहून तंबोऱ्यासाठी बोलतेय, गाणार कोण आहे एवढंच विचारायचं होतं" म्हणा आणि थांबा. त्यांनी नंबर दिला नसेल तर फेसबुकवर शोधून, ओळखीतून काढून फोन करू नका. जिथून त्यांनी तुम्हाला गाठलं तीच त्यांनी उघडलेली वाट आहे.

उत्तरं कशी येतात तेही बघा, कारण आलेलं प्रत्येक उत्तर हे उत्तर असेलच असं नाही. सगळ्यात फसवं म्हणजे "ओके" किंवा अंगठ्याचं चिन्ह. ते आलं की हुश्श वाटतं आणि आपण कामाला लागतो. पण "पुरुष, बाई की मूल?" याचं "ओके" हे उत्तर होऊ शकत नाही. त्यांनी फक्त वाचल्याची पोच दिली. अशा वेळी नवं पत्र लिहायचं नाही, तिथेच एका ओळीत विचारायचं: "धन्यवाद. गाणार पुरुष की बाई, एवढं एक सांगा." मी छापखान्यात असताना अशाच एका "ओके" वर एका संस्थेची वार्षिक अहवालाची पुस्तिका बांधायला दिली. आम्ही विचारलं होतं, पिन मारायची की शिवायची. तीनशे प्रती पिन मारून झाल्यावर कळलं की "ओके" कागदाच्या रंगाबद्दल होतं. चूक आमची होती. मी विचारायलाच हवं होतं.

कदाचित उत्तर येईल, "मुलासाठी हवाय, तेरा वर्षांचा आहे." हे उत्तर आलं तर भोपळा निवडू नका, सासऱ्यांना सांगा. त्या वयात मुलाचा आवाज फुटायच्या बेतात असतो. आज तो काळी चारला गात असेल आणि दोन वर्षांत पांढरी एकला उतरेल. आजच्या आवाजाने जनानी तंबोरा केला तर तो लवकरच निरुपयोगी, आणि उद्याच्या हिशेबाने मर्दानी केला तर आज त्याला गाता येणार नाही. इथे सासऱ्यांनी स्वतः फोनवर बोलावं. काही घरात मुलाची आईही गाते, मग तिच्या पट्टीचा तंबोरा करून ठेवणं शहाणपणाचं होतं. काही ठिकाणी इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावर दोन वर्षं काढा, मग या, असं सांगावं लागतं. ऑर्डर पुढे गेली तरी ते घर तुम्हाला विसरत नाही. बघा, तुमच्या पहिल्या मेलमधल्या सात प्रश्नांत "गाणार कोण" हा प्रश्नच नव्हता, आणि सगळ्यात जास्त त्याच्यावरच अवलंबून आहे.

रेकॉर्डिंग आलं तर तेही जपून ऐका. मोबाइलसमोर गायला सांगितलं की माणूस संकोचाने आवाज दाबतो आणि सा एखाद-दीड स्वर खाली लावतो. म्हणूनच मी नुसता सा न मागता भजनाच्या दोन ओळी मागायला सांगितल्या. ओळ वर जाते तिथे आवाज ताणतो का, खाली येते तिथे हरवतो का, हे सासऱ्यांच्या कानाला लगेच कळेल. मागे पेटी वाजत असेल तर तिच्यावरून पट्टी काढण्याची घाई करू नका. जुन्या पेट्या उतरलेल्या असतात. शंका राहिली तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा म्हणून पाठवा, असं मोकळेपणाने सांगा. पट्टीबद्दल सासऱ्यांनी जे ठरवलं ते गिऱ्हाइकाला लेखी कळवा: "काळी चार धरून जनानी तंबोरा करतोय." आणि याला मात्र त्यांचं "हो" घेतल्याशिवाय भोपळ्याला हात लावू नका. आगाऊ रक्कमही त्या "हो" नंतरच घ्या. आधी घेतलीत आणि मग पट्टीवर अडलं, तर पैसे तुमच्याकडे आणि काम थांबलेलं, हा अवघडपणा दोघांनाही नको.

शनिवार आला आणि काहीच आलं नाही, तर रविवारी एक शेवटची ओळ लिहा. तिसरा प्रश्न नको, फक्त काय झालं ते:

> नमस्कार, गुरुपौर्णिमेची तारीख आता आमच्याकडून साधणार नाही, म्हणून तुमची नोंद सध्या थांबवून ठेवते. पुढे कधीही गाणाऱ्याच्या दोन ओळी पाठवल्यात की तिथून सुरू करू.

"रद्द" हा शब्द वापरू नका, "थांबवून" म्हणा, कारण खरंच तसंच आहे. आणि यानंतर लिहू नका. पुढे नवरात्रात किंवा दिवाळीला शुभेच्छांच्या निमित्ताने हा प्रश्न हळूच पुन्हा पुढे करू नका. त्यांना तुमचं दुकान ठाऊक आहे, नंबर ठाऊक आहे, काय पाठवायचं तेही ठाऊक आहे.

तुमच्या नोंदवहीत मात्र त्या नावापुढे लिहून ठेवा: पट्टी विचारली, दोनदा, उत्तर नाही, कुठली किंमत सांगितली, कोणत्या तारखेला. मिरजेच्या सितार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तुमच्यासारख्या दुकानांना लांबून, न बघता विचारणारी माणसं येत राहणार. पुढच्या चौकशीला पहिल्याच उत्तरात सात प्रश्न न पाठवता गाणार कोण आणि दोन ओळींचं रेकॉर्डिंग एवढंच मागा, किंमत त्यानंतर. किंमतही पट्टीवरून ठरते, मर्दानीची वेगळी आणि जनानीची वेगळी, तर ती आधी सांगणं तसंही अर्धवटच होतं.

उद्या सकाळी दुकान उघडायच्या आधी ते पत्र सासऱ्यांना एकदा वाचून दाखवा. "सासरे ऐकून पट्टी ठरवतील" या ओळीशी थांबा आणि त्यांना ते मान्य आहे का विचारा, कारण ऐकायचं काम त्यांना करायचं आहे. ते "लिही" म्हणाले की पाठवा.